१८ वर्षं पूर्ण झाली, तरी मत देता येत नाही? आधी हे तारखांचं गणित समजून घ्या

२०२४ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीचं मतदान २० नोव्हेंबरला झालं. निवडणुकीची घोषणा झाली होती १५ ऑक्टोबरला. आणि त्या निवडणुकीसाठी नव्याने नाव नोंदवायची मुदत संपली १९ ऑक्टोबरला.

म्हणजे टीव्हीवर तारखा जाहीर झाल्या आणि त्यानंतर हातात उरले जेमतेम चार दिवस. "निवडणूक जवळ आली की करू नोंदणी" असं म्हणत बसलेल्यांची संधी मतदानाच्या महिनाभर आधीच गेली होती. यातल्या अनेकांना ते कळलं तेव्हा प्रचार ऐन रंगात आला होता.

असं का होतं? कायद्यानुसार उमेदवारी अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस संपला की मतदार यादीत नवीन नाव घालता येत नाही. २०२४ मध्ये हा दिवस होता २९ ऑक्टोबर. पण तुम्ही अर्ज केला आणि लगेच नाव लागलं, असं होत नाही. आलेल्या अर्जांची यादी लोकांसमोर ठेवावी लागते, कुणाचा आक्षेप असेल तर त्यासाठी सात दिवस द्यावे लागतात, मग अधिकारी निर्णय घेतात. म्हणून उमेदवारीच्या शेवटच्या दिवसाच्या साधारण दहा दिवस आधी आलेलेच अर्ज त्या निवडणुकीसाठी उपयोगाचे ठरतात. २९ मधून १० गेले, की १९ ऑक्टोबर.

वाढदिवस कधी आहे, यावर बरंच अवलंबून आहे

आता दुसरी तारीख. तिच्याबद्दल गोंधळ जास्त आहे.

मतदानाच्या दिवशी तुमचं वय १८ आहे की नाही, हे कुणी बघत नाही. बघतात ते अर्हता दिनांकाला, म्हणजे कायद्याने ठरवून दिलेल्या दिवशी, तुमची १८ वर्षं पूर्ण होती का. आधी वर्षात असा एकच दिवस होता, १ जानेवारी. ज्याचा वाढदिवस २ जानेवारीला असेल, त्याला एका दिवसासाठी पुढच्या १ जानेवारीपर्यंत थांबावं लागायचं. नशिबाचाच खेळ म्हणायचा. पण २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि ऑगस्ट २०२२ पासून असे चार दिवस झाले : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर.

उदाहरण घेऊ. समजा, दोन मैत्रिणी आहेत, एकाच वर्गातल्या. एकीचा जन्म २० सप्टेंबर २००६ चा, दुसरीचा १० ऑक्टोबर २००६ चा. २० नोव्हेंबर २०२४ ला दोघींचीही १८ वर्षं पूर्ण झाली होती. पहिलीची १ ऑक्टोबरला पूर्ण होती, त्यामुळे १९ ऑक्टोबरपर्यंत अर्ज केला असेल, तर तिला मत देता येत होतं. दुसरी नऊ दिवसांनी हुकली. तिचा अर्हता दिनांक १ जानेवारी २०२५, म्हणजे विधानसभा तिच्या हातातून गेलीच. यात तिची काही चूक नाही. मात्र पहिलीने आळस केला असता, तर तीही दुसरीच्याच रांगेत बसली असती.

१८ पूर्ण होण्याची वाट बघत बसायचीही गरज नाही. १७ पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. तो अर्ज ठेवून घेतला जातो आणि तुमचा अर्हता दिनांक आला की त्यावर कार्यवाही होते. बारावीत असतानाच हे काम उरकून टाकणं सगळ्यात सोपं. कारण तेव्हा बहुतेक जण घरीच असतात, कागदपत्रं आईच्या कपाटात सापडतात आणि पत्त्याचा घोळ नसतो.

महापालिकेसाठी वेगळी नोंदणी असते का?

नसते. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण यादी विधानसभेचीच वापरतो. एका ठरावीक तारखेची यादी घ्यायची आणि तीच प्रभागांनुसार विभागायची, अशी पद्धत आहे. त्यात हा आयोग स्वतःहून नवीन नावं घालत नाही.

याचा अर्थ काय होतो, ते महाराष्ट्राने नुकतंच पाहिलं. महापालिकांचं मतदान १५ जानेवारी २०२६ ला झालं, पण वापरलेली यादी होती १ जुलै २०२५ ची. ऑगस्ट २०२५ मध्ये १८ पूर्ण झालेल्या मुलाला नगरसेवक निवडता आला नाही, मतदानाच्या दिवशी तो साडेअठरा वर्षांच्या आसपास असूनही. म्हणून या निवडणुकांसाठी तर आणखी आधी यादीत असावं लागतं.

अर्ज भरताना कुठे अडतं?

पहिल्यांदा नाव नोंदवायचं तर फॉर्म ६ भरायचा. तो voters.eci.gov.in वर मोबाइलवरून भरता येतो, किंवा तुमच्या भागातल्या बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, कागदावर देता येतो. बीएलओ म्हणजे बहुतेक वेळा जवळच्या शाळेतले शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका. पैसे लागत नाहीत. एक फोटो, वयाचा एक पुरावा (दहावीचं प्रमाणपत्र, जन्मदाखला, आधार, पॅन यांपैकी काहीही) आणि पत्त्याचा एक पुरावा. राज्यात मतदार यादीचं विशेष सखोल पुनरीक्षण सुरू असेल, तर सोबत एक घोषणापत्रही जोडावं लागतं.

भरणं पंधरा मिनिटांचं काम आहे, पण दोन ठिकाणी सावकाश जा.

पहिलं म्हणजे नाव. तुम्ही इंग्रजीत नाव टाइप करता आणि शेजारी मराठी नाव आपोआप उमटतं. हे मराठी बऱ्याचदा चुकतं. 'ण' चा 'न' होतो, 'ळ' चा 'ल' होतो, ऱ्हस्व-दीर्घाचं तर बोलायलाच नको. अनेक जण तिकडे न बघता पुढे जातात आणि वर्षभराने यादीत 'काळे' चं 'काले' झालेलं दिसतं. सबमिट करण्याआधी मराठी रकाना हाताने दुरुस्त करा.

दुसरं म्हणजे घरातल्या मतदाराची माहिती. आधीच यादीत असलेल्या आई-वडिलांपैकी कुणाचं तरी नाव आणि त्यांच्या मतदार ओळखपत्राचा क्रमांक त्या रकान्यात टाका. त्यामुळे तुमचं घर यादीच्या कुठल्या भागात येतं, हे अधिकाऱ्यांना लगेच कळतं. नाहीतर घरातले सगळे एका शाळेत आणि तुमचं नाव भलत्याच केंद्रावर, असं होऊ शकतं.

अर्ज गेला की एक संदर्भ क्रमांक मिळतो. त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, पुढची स्थिती त्यावरच दिसते. नंतर बीएलओ पडताळणीसाठी घरी येतात किंवा फोन करतात. इथे बरेच अर्ज अडकतात. दाराला कुलूप असतं, अनोळखी नंबर म्हणून फोन उचलला जात नाही, किंवा घरच्यांना अर्जाबद्दल काही माहीतच नसतं आणि ते "नाही हो, इथे कुणी असा अर्ज केला नाही" म्हणून मोकळे होतात. त्यामुळे अर्ज केल्यावर आधी घरी सांगा.

गाव लातूर, कॉलेज पुण्यात. नाव कुठे?

नोंदणी दोन्हीकडे होऊ शकते, पण एका वेळी एकाच ठिकाणी. वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहून किमान एक वर्षाचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम करणाऱ्या विद्यार्थ्याला, जिथे राहतो तिथे नाव नोंदवता येतं. पत्त्याचा पुरावा नसेल तर कॉलेजच्या प्रमुखांचं बोनाफाइड प्रमाणपत्र लावतात. किंवा आई-वडिलांच्या पत्त्यावर, लातूरलाच नाव ठेवता येतं.

निवड करताना एकच व्यवहारी प्रश्न विचारा : मतदानाच्या दिवशी मी कुठे असेन? कारण मत ऑनलाइन देता येत नाही आणि पुण्यात बसून लातूरच्या उमेदवाराला देता येत नाही. ज्या केंद्राच्या यादीत नाव आहे, तिथेच जावं लागतं. सुट्टी मिळते, पण एस.टी.चं रिझर्व्हेशन मिळेलच असं नाही.

आणि नाव आधीच लातूरला असेल, पण आता पुण्यात हवं असेल, तर पुन्हा फॉर्म ६ भरू नका. त्यासाठी फॉर्म ८ आहे. त्याने जुनं नाव निघतं आणि नवीन ठिकाणी लागतं. फॉर्म ६ पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यासाठी आहे आणि त्यात 'माझं नाव दुसरीकडे नाही' असं तुम्ही लिहून देता. ते खोटं ठरलं, तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

कार्ड आलं नाही, पण यादीत नाव आहे

मग मत देता येतं. मतदानाचा हक्क यादीतल्या नावाने मिळतो, कार्ड फक्त ओळख पटवायला असतं. आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं पासबुक अशी इतर कागदपत्रंही चालतात. मात्र घरी वाटली जाणारी मतदार चिठ्ठी ओळखपत्र म्हणून चालत नाही. तिच्यावर यादीचा भाग क्रमांक आणि तुमचा अनुक्रमांक असतो, त्यामुळे रांगेत वेळ वाचतो, इतकाच तिचा उपयोग.

उलटंही होतं. खिशात कार्ड आहे, पण यादीत नाव नाही. तेव्हा मात्र मत देता येत नाही. म्हणून electoralsearch.eci.gov.in वर निवडणुकीच्या बरंच आधी स्वतःचं नाव शोधून बघा. यादीतलं नाव चुकलेलं सापडलं, तर दुरुस्तीही फॉर्म ८ नेच होते. अर्ज नाकारला गेला असेल, तर कारण विचारा. अस्पष्ट कागदपत्रं किंवा चुकीचा मतदारसंघ एवढंच कारण असेल, तर पुन्हा अर्ज करणं सोपं पडतं. निर्णयच पटत नसेल, तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. आणि बीएलओ कोण आहेत हेच माहीत नसेल, तर १९५० या हेल्पलाइनवर फोन करून विचारता येतं.