सूर तेच, वेळ वेगळी

‘संगीत सौभद्र’मधलं ‘प्रिये पहा’ आणि ‘संगीत स्वयंवर’मधलं ‘सुजन कसा मन चोरी’ ही दोन पदं कधी पाठोपाठ ऐकून पाहा. पहिलं अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 1882 सालच्या नाटकातलं, पहाटेचं वर्णन करणारं, देसकार रागातलं. दुसरं खाडिलकरांच्या 1916 सालच्या नाटकातलं, भास्करबुवा बखल्यांनी चाल दिलेलं आणि बालगंधर्वांनी रुक्मिणीच्या भूमिकेत गायलेलं. ते भूप रागात आहे. दोन्ही रागांचे सूर हुबेहूब एक: सा, रे, ग, प, ध. पेटीवर त्याच पाच पट्ट्या दाबायच्या. तरीही देसकार सूर्योदयानंतरचा आणि भूप दिवेलागणीनंतरचा.

पहाटेच्या आणि संध्याकाळच्या बैठकीसाठी गाणी निवडताना जुन्या कानसेनालाही इथेच ठेच लागते. रागांच्या याद्या सगळीकडे मिळतात. पण त्यांतल्या बऱ्याच याद्या गाण्यात कोणते सूर लागले एवढंच पाहून केलेल्या असतात. वेळ मात्र नुसत्या सुरांवर ठरत नाही. गाणं कोणत्या सुरावर विसावतं आणि सप्तकाच्या कोणत्या अर्ध्या भागात अधिक रमतं, यावर ती ठरते.

पंडित विष्णु नारायण भातखंड्यांनी याची मांडणी सोपी करून दिली. सप्तकाचे दोन भाग करा. खालचा पूर्वांग, वरचा उत्तरांग. ज्या रागाचा प्रमुख सूर, म्हणजे वादी, पूर्वांगात असतो, तो साधारण दुपारी बारा ते मध्यरात्र या वेळातला. वादी उत्तरांगात असेल तर राग मध्यरात्र ते दुपार या वेळातला. भूपाचा वादी गंधार. भूपातलं गाणं खालच्या भागात हिंडतं, गंधारावर पुन्हा पुन्हा येऊन टेकतं, रिषभालाही मोकळेपणाने स्पर्श करतं. देसकाराचा वादी धैवत. तिथे रिषभ चढताना जेमतेम दिसतो, पंचम-धैवतावर वस्ती असते आणि तारषड्ज हाकेच्या अंतरावर असतो. ‘प्रिये पहा’ ऐकताना मुक्काम कुठे होतात तेवढेच टिपा. मग ‘सुजन कसा’ लावा. फरक सांगावा लागणार नाही.

हीच कसोटी ‘ज्योति कलश छलके’ला लावून पाहण्यासारखी आहे. ‘भाभी की चूडियाँ’ या 1961 च्या चित्रपटातलं, पंडित नरेंद्र शर्मांनी लिहिलेलं, सुधीर फडक्यांनी बांधलेलं आणि लताबाईंनी गायलेलं हे पहाटेचं गाणं. कोणी ते भूपात घालतात, कोणी देसकारात. माझ्या मते त्याची जागा सकाळीच. शब्दांत पहाट आहे हे त्याचं एकमेव कारण नाही. ते सकाळी देसकारानंतर लावलं तर घरचं वाटतं आणि रात्री यमनानंतर लावलं तर उपरं. चित्रपटसंगीतात संगीतकार रागाचे नियम पाळायला बांधलेला नसतो. त्यामुळे शंका आली की शेजारी त्याच रागातली खरी बंदिश लावून पाहावी, हा सरळ उपाय.

पाच सुरांच्या या जोडीपेक्षा अवघड प्रकरण मारवा, पूरिया आणि सोहनी या तिघांचं. तिघांतही कोमल रिषभ, शुद्ध गंधार, तीव्र मध्यम, शुद्ध धैवत आणि निषाद. पंचम तिघांनाही वर्ज्य. मारवा मावळतीचा. त्याच्यात कोमल रिषभ आणि धैवत यांचं राज्य, आणि षड्जाला तो लवकर भेटतच नाही. सगळी हुरहूर त्या टाळलेल्या षड्जात आहे. पूरिया त्यानंतरचा, मंद्र सप्तकात खोल उतरणारा, गंधार-निषादावर थबकणारा. सोहनी मात्र थेट तारषड्जाजवळ राहणारी, चंचल, रात्रीच्या शेवटच्या प्रहराची. म्हणजे तोच ऐवज खाली नेला की संध्याकाळ आणि वर नेला की पहाट.

आता प्रत्यक्ष बैठक बांधू. घड्याळाचा काटा धरून ती बांधू नका, पंचांगातला सूर्योदय पाहा. मुंबईत जूनच्या आरंभी सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, तर जानेवारीच्या मध्यावर सव्वासातच्या आसपास. एवढ्या फरकात बैठकीतला अर्धाअधिक ऐवज चुकीच्या वेळी पडू शकतो.

समजा जानेवारी आहे. सव्वासहाला बाहेर काळोख असतो. सुरुवात सोहनीने करा: ‘मुगल-ए-आझम’मधलं बडे गुलाम अली खाँसाहेबांचं ‘प्रेम जोगन बन के’. पाठोपाठ मुकेशचं ‘झूमती चली हवा’, ‘संगीत सम्राट तानसेन’मधलं. तोच राग, पण एकात खाँसाहेबांची ठुमरीची तब्येत आणि दुसऱ्यात साधा, सरळ गळा. काळोख विरळ होऊ लागला की ललित. ‘कल्पना’ चित्रपटातलं मन्ना डे आणि रफींचं ‘तू है मेरा प्रेम देवता’ इथे बसतं, आणि त्यानंतर ललितातला एखादा ख्याल, आपल्या आवडत्या गवयाचा. ललितात दोन्ही मध्यम लागतात, तेही एकापाठोपाठ. सोहनीत तीव्र मध्यम होता, पुढे येणाऱ्या भैरवात शुद्ध मध्यम आहे, आणि ललित या दोघांच्या मधोमध दोन्ही घेऊन उभा आहे. भातखंडे मध्यमाला वेळ दाखवणारा सूर मानत. पहाटेच्या या तीन रागांत ते कानाने पडताळता येतं.

सूर्य वर येता येता भैरव. ‘जागते रहो’ या 1956 च्या चित्रपटात रात्रभर पाण्यासाठी वणवण केलेला नायक पहाटे ‘जागो मोहन प्यारे’ ऐकतो आणि त्याला पाणी मिळतं. सलील चौधरींनी भैरवातल्या जुन्या बंदिशीवरून ते गाणं उभं केलं. त्याला दुसरी जागा शोधूच नये. ऊन घरात आलं की देसकार, म्हणजे ‘ज्योति कलश’ आणि ‘प्रिये पहा’.

संध्याकाळ थोडी अधिक कौशल्याने बांधावी लागते, कारण आपल्याकडे संधिप्रकाश फार टिकत नाही. सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत दिवे लावावे लागतात. नोव्हेंबरअखेर मुंबईत सूर्य सहाला मावळतो, जुलैच्या आरंभी सात वाजून वीस मिनिटांच्या आसपास. सूर्यास्तापूर्वी पंधरा मिनिटं ‘बैजू बावरा’मधलं अमीर खाँसाहेबांचं ‘तोरी जय जय करतार’ लावा. तो पूरिया धनाश्री. त्यात पंचम आहे, त्यामुळे कानाला अजून आधार असतो. मग भा. रा. तांब्यांचं ‘मावळत्या दिनकरा’, हृदयनाथांनी मारव्यात बांधलेलं. सूर्याला उद्देशूनच ती कविता आहे, म्हणून सूर्य दिसत असतानाच ते वाजावं. सूर्य बुडाला की अमीर खाँसाहेबांचा मारवा. त्यांच्या गाजलेल्या तबकडीच्या एका बाजूला मारवा आहे आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. तबकडीची एक बाजू साधारण संधिप्रकाशाएवढीच चालते. ती संपली की उठून दिवा लावावा आणि दरबारीची बाजू रात्री उशिरासाठी राखून ठेवावी. दिवा लागल्यावर ‘सुजन कसा मन चोरी’, मग त्याच नाटकातलं यमनातलं ‘नाथ हा माझा’.

या मांडणीत एक गोष्ट हमखास बिघडते. प्रत्येक गायकाची पट्टी वेगळी. काळी चारमधलं गाणं संपलं आणि लगेच सफेद दोनमधला मारवा सुरू झाला, तर कान मागचाच षड्ज धरून बसतो. इतर रागांत हे पाच-दहा सेकंदांत सावरतं, कारण गवई स्वतःच षड्ज दाखवतो. मारव्यात तो षड्ज टाळतो, त्यामुळे गोंधळ लांबतो. ऐकणाऱ्याला धैवतच षड्ज वाटू लागतो आणि मारव्याची तगमग नाहीशी होऊन एखादा भलताच, निवांत राग चालल्याचा भास होतो. मारवा ‘लागत नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांचं दुखणं हे असतं. उपाय साधा आहे. मारव्याच्या आधी मिनिट-दोन मिनिटं मोबाइलवरचा तानपुरा त्या गायकाच्या पट्टीत लावा. पंचमाची तार नको, कारण मारव्यात पंचम नाही. पहिली तार निषादाची किंवा धैवताची ठेवा. षड्ज कानात मुरला की मग तबकडी.

हे नियम किती घट्ट धरायचे? कर्नाटक संगीतात वेळेचं एवढं बंधन कोणी पाळत नाही. उत्तर हिंदुस्थानी संगीतातही अपवाद आहेतच: हमीराचा वादी धैवत मानतात, तरी तो रात्रीचा राग. तोडीत तीव्र मध्यम असूनही ती सकाळची, आणि तेच सूर घेणारी मुलतानी दुपार उतरल्यावरची. भैरवी सकाळची असून कोणत्याही वेळेच्या मैफलीचा शेवट तिनेच होतो. ही परंपरेने लावलेली कानाची सवय आहे. पण सवय लागलेल्या कानाला सकाळी मारवा खरोखर टोचतो, म्हणून जाणत्यासाठी बैठक बांधताना मी तरी तडजोड करत नाही.

तडजोड सगळ्यात जास्त झाली ती उत्तररात्रीच्या रागांबाबत. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद ठेवण्याचा नियम आला. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्रभराच्या बैठकी गेल्या. सोहनी, परज आणि ललित आता मंचावर त्यांच्या वेळेला क्वचितच ऐकू येतात. दिवाळी पहाटेची मैफलही बहुतेक उजाडल्यावर सुरू होते. वेळेला गायलेले हे राग आज मुख्यतः जुन्या कॅसेटवर आणि फितींवर उरले आहेत. आपल्या घरात, नातेवाइकांच्या माळ्यावर, मंडळाच्या कपाटात रात्रभराच्या मैफलींच्या फिती पडून असतील, तर या पावसाळ्यात बुरशी लागण्याआधी त्या डिजिटल करून घ्या, आणि प्रत्येकीवर गवयाच्या आणि रागाच्या नावाबरोबर गायनाची वेळही लिहून ठेवा.