दोन मठ, दोन दिनक्रम

थेरवादी भिक्षूंचे 227 नियम आणि संत बेनेडिक्ट यांची सहाव्या शतकातली 73 प्रकरणांची नियमावली यांतला खरा फरक अन्न कुठून येते यात दिसतो.

| | थेरवादी भिक्षू | बेनेडिक्टाइन मठवासी |
|---|---|---|
| दिवस | पहाटे ध्यान व पठण, सकाळी भिक्षाटन | दिवसा सात आणि रात्री एक अशा आठ प्रार्थना. मधल्या वेळेत काम व वाचन |
| जेवण | मध्यान्हापूर्वीच. आजाऱ्याला नंतरही तूप, मध चालते | वेळ ऋतूनुसार. उपवासकाळात संध्याकाळी एकदाच |
| श्रम | जमीन खणण्यास मनाई | रोज अंगमेहनत |
| मालकी | चीवर, पात्र अशा मोजक्या वस्तू. पैसा घेता येत नाही | स्वतःचे काहीच नाही, लेखणीसुद्धा मठाची |
| बांधिलकी | चीवर सोडून घरी परतता येते | त्याच मठात आजन्म राहण्याचे व्रत |

भिक्षूला शेती करता येत नाही आणि मिळालेले अन्न उद्यासाठी ठेवताही येत नाही, त्यामुळे त्याला रोज गावकऱ्यांच्या दानावर अवलंबून राहावे लागते. बेनेडिक्ट यांना मात्र पाणी, गिरणी, बाग हे सारे मठाच्या आवारातच हवे होते, म्हणजे मठवासीयांना बाहेर भटकावे लागू नये. मला भिक्षूंची बाजू अधिक कठीण वाटते: पात्रात काय पडेल, हे त्यांच्या हातात नसते.