कॉर्टिसॉल वाढले तर काय, घटले तर काय?

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक तयार करतात. ते फार वाढले की चेहरा गोल होतो, पोट सुटते, हातपाय मात्र बारीक होतात आणि पोटावर जांभळे पट्टे उमटतात. हा कुशिंग सिंड्रोम.

कमी पडले की चित्र उलटे. १८५५ मध्ये थॉमस अ‍ॅडिसन यांनी वर्णन केलेल्या या आजाराचे क्षयरोग हे भारतात आजही एक महत्त्वाचे कारण आहे. समजा, क्षयाचे उपचार पूर्ण केलेल्या तरुणाचे वजन पुन्हा उतरते आहे. उभे राहताच चक्कर येते, खारट खावेसे वाटते, तळहाताच्या रेषा आणि हिरड्या नव्याने काळ्या पडल्या आहेत. आपण म्हणतो, उन्हाने रापला. पण हिरड्यांना ऊन लागत नाही. कॉर्टिसॉल कमी पडल्यामुळे मेंदूतील पिट्युटरी ग्रंथी जादा संदेश सोडते आणि तोच संदेश त्वचेतील रंगद्रव्यही वाढवतो.

अशा वेळी सकाळी आठच्या सुमारास रक्तातील कॉर्टिसॉल तपासतात. कमतरता ठरल्यास हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या बहुधा आयुष्यभर घ्याव्या लागतात. त्या मध्येच थांबवल्या, किंवा तापात डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे वाढवल्या नाहीत, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. म्हणून आम्ही सांगतो, गोळी चुकवू नका.