मार्चनंतर कळलेली बुडीत

१७ एप्रिल २०१९च्या रात्री अमृतसरहून निघालेलं जेट एअरवेजचं विमान मुंबईला उतरलं आणि कंपनीची उड्डाणं थांबली. २० जूनला राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने तिच्याविरुद्धचा दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला. जेटला माल पुरवणाऱ्यांची मार्चअखेरची खाती तेव्हा कुठे तपासून होत होती. येणं बुडाल्याचं तर मार्चनंतर कळलं. मग तोटा कोणत्या वर्षाचा?

बातमी कधी आली, याला लेखामानकं फारसं महत्त्व देत नाहीत. दुखणं ३१ मार्चला अंगात होतं का, हे ती पाहतात. जेटने बँकांचा हप्ता ३१ डिसेंबर २०१८लाच चुकवला होता, पगारही थकले होते. म्हणजे एप्रिल-जूनच्या घडामोडींनी जुन्याच दुखण्याचं निदान पक्कं केलं. अशा वेळी मार्चचा ताळेबंद दुरुस्त करावा लागतो.

समजा, एका पुरवठादाराचं अशा ग्राहकाकडे ३१ मार्चला ८० लाखांचं येणं होतं. ८ एप्रिलला १० लाख जमा झाले. तेवढी रक्कम बुडालेली नाही, हे उघडच. उरले ७० लाख. तारण काही नाही, पुढे बँकांची रांग. व्यवस्थापनाने दहा टक्के हाती येतील असा अंदाज केला, तर ६३ लाखांची तरतूद नफा-तोटा खात्याला नावे पडते आणि ९० लाखांचा नफा २७ लाखांवर येतो. ग्राहकाचं खातं मात्र कोरं करायचं नाही, कारण पूर्ण ७० लाखांचा दावा दिवाळखोरी प्रक्रियेत दाखल करायचा असतो. एप्रिलमध्ये पाठवलेला ६ लाखांचा माल या हिशेबात येतच नाही. ती विक्री पुढच्या वर्षाची, तिचं नुकसानही पुढच्याच वर्षाचं.

उलट, मार्चअखेर धडधाकट असलेल्या ग्राहकाचा कारखाना मेमध्ये जळाला आणि तो त्यातच बुडाला, तर मार्चचे आकडे तसेच राहतात. रक्कम मोठी असेल, तर घटनेची माहिती द्यावी लागते.

संचालक मंडळाने हिशेब मंजूर केला की ही खिडकी बंद होते. जेटच्या एखाद्या पुरवठादाराने १५ एप्रिललाच सही केली असती, तर दोन दिवसांनी आलेली बातमी त्या हिशेबात शिरली नसती. अर्थात, तोवर दिसत असलेल्या थकबाकीकडे काणाडोळा करण्याची मुभा त्यालाही नव्हती.

व्यापाऱ्याला खरा चिमटा बसतो तो प्राप्तिकरात. नुसत्या तरतुदीवर वजावट मिळत नाही. रक्कम खात्यातून प्रत्यक्ष निर्लेखित करावी लागते. त्यामुळे कागदावरचा नफा २७ लाखांवर आला, तरी ते ६३ लाख कर आकारताना पुन्हा मिळवले जातात.