नुसतं रेटिंग लिहू नका
आमच्या शेजारच्या मुलाने एका ऑफिसात फ्रंट डेस्कच्या नोकरीसाठी बायोडेटा केला. तीन वर्षं उबर चालवली, पण लिहिलं एवढंच: ‘ड्रायव्हर, रेटिंग ४.९’. हे रेटिंग म्हणजे प्रवाशांनी दिलेल्या शेवटच्या ५०० रेटिंगची सरासरी. एकूण काम त्यात दिसत नाही. म्हणून ओळ बदलली: ‘तीन वर्षांत ६,२०० फेऱ्या, रेटिंग ५ पैकी ४.९, स्वीकारून रद्द केलेल्या फेऱ्या २ टक्के.’ ‘ग्राहकांशी चांगलं बोलतो’ हे खोडून प्रसंग घातला: गाडीत विसरलेली बॅग त्याच रात्री प्रवाशाला परत दिली. मुलाखतीत बहुधा हेच विचारतील. ॲपमधल्या आकड्यांचे स्क्रीनशॉट मात्र खातं बंद करण्याआधीच घ्यावेत. नंतर ते मिळणं कठीण. त्याने ते अब्बांच्या फोनवरही पाठवून ठेवलेत.