‘अगदी अस्संच करून द्या’ला काय उत्तर द्यावं?

दिवाळीच्या महिनाभर आधी व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो आला. काळ्या पार्श्वभूमीवर पितळेची कढई, तीत तर्रीदार लालभडक रस्सा, वरून हिरव्या बांगड्यांचा हात मसाला भुरभुरतोय आणि डाव्या कोपऱ्यात तिरक्या पिवळ्या अक्षरांत घोषवाक्य. खाली निरोप : ‘एआयनं अगदी अस्संच करून द्या. फक्त पाकीट आपलं टाका.’ पाठवणारे शेठ कांदा-लसूण मसाला विकतात, आमचे जुने ग्राहक. जाहिरात त्यांच्याच बाजारपेठेतल्या प्रतिस्पर्ध्याची होती.

पूर्वी अशी नक्कल करायची तर कढई, बांगड्या, छायाचित्रकार, दिवे असं सगळं जमवावं लागे. तो खर्च ऐकूनच निम्मे लोक बेत बदलत. आता नक्कल दहा मिनिटांत होते. म्हणून जे काम पूर्वी खर्च करायचा, ते आता आमच्या उत्तराच्या पत्राला करावं लागतं.

पत्र लिहिण्याआधी ‘अस्संच’ म्हणजे नेमकं काय होतं, ते बघू. चित्र तयार करणाऱ्या प्रणालीला नमुना म्हणून एखादा फोटो देता येतो. ती त्या फोटोवर आधी कृत्रिम ‘मुंग्या’ पसरवते, जुन्या टीव्हीवर सिग्नल गेल्यावर दिसायच्या तशा. मग आपल्या वर्णनानुसार त्या मुंग्यांतून नवं चित्र साफ करत आणते. मुंग्या किती पसरवायच्या हे ठरवणारा आकडा ० ते १ असतो. Stable Diffusion मध्ये त्याला `denoising strength` म्हणतात. तो ०.३ च्या आसपास ठेवला, तर हात, कढई, वाफ जवळपास जागच्या जागी राहतात. ०.८ पर्यंत नेला, तर रंगांचे ढोबळ पट्टे आणि वस्तूंच्या अंदाजे जागा एवढंच उरतं. म्हणजे आकडा लहान ठेवला की उघड नक्कल हाती येते आणि मोठा ठेवला की शेठना हवं असलेलं ‘अस्संच’ येत नाही.

शिवाय नक्कलही धड होत नाही. देवनागरी जोडाक्षरं बऱ्याचदा मोडतात आणि पाकिटावरचा मजकूर भलताच होतो. म्हणून पाकिटाचा खरा फोटो वेगळा काढून चित्रात बसवावाच लागतो.

आता कायद्याची बाजू. ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक आणि ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये सांगितलं, की कल्पनेवर कुणाची मालकी नसते, ती ज्या रूपात मांडली त्या रूपावर असते. दोन्ही कृती पाहिलेल्या माणसाला दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असं निःसंशय वाटतं का, ही कसोटी. त्या खटल्यात चित्रपट सुटला, कारण विषय एक असला तरी मांडणी वेगळी होती. आमच्या उदाहरणात गरम रस्सा, वाफ आणि काळी पार्श्वभूमी कुणीही वापरू शकतो. पण तोच हात, त्याच बांगड्या, तीच कढई त्याच कोनातून आणि तीच तिरकी पिवळी अक्षरं एकत्र आली, की ती त्यांची मांडणी झाली.

नाव बदललं की सुटलो, असंही नाही. दंतमंजनाच्या डब्यावरच्या लाल-पांढऱ्या रंगसंगतीवरून कोलगेटनं अँकरला न्यायालयात खेचलं. ब्रँडची नावं पूर्ण वेगळी होती, तरी २००३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं अँकरला ती रंगसंगती वापरण्यापासून रोखलं. जाहिरात क्षेत्राची स्वनियंत्रण संस्था ‘अ‍ॅस्की’ हिच्या संहितेतही स्पष्ट कलम आहे : दुसऱ्याच्या आधीच्या जाहिरातीची मांडणी, मजकूर, घोषवाक्य किंवा दृश्यरूप उचलल्यासारखं वाटेल, अशी जाहिरात करू नये.

ग्राहकाच्या लक्षात न येणारी गोष्ट वेगळीच असते. साम्य योगायोगानं आलं, असा बचाव एरवी करता येतो. इथे मात्र प्रतिस्पर्ध्याचा फोटो आणि ‘अगदी अस्संच’ हे शब्द व्हॉट्सअ‍ॅपवर तारखेसह पडून आहेत. नमुना म्हणून तोच फोटो प्रणालीत टाकला, तर त्याची नोंद आमच्या खात्यातही राहते.

हे सगळं पत्रात कोंबलं असतं, तर शेठनी ते वकिलाची नोटीस समजून बाजूला ठेवलं असतं. म्हणून पत्र असं गेलं :

‘नमस्कार शेठ,

फोटो मिळाला. जाहिरात चांगली आहे, तुमची नजर बरोबर गेली. तीन गोष्टी तुम्हाला आवडल्या असाव्यात : रस्सा बघून तोंडाला पाणी सुटतं, अंधारात लाल रंग उठून दिसतो आणि हातामुळे घरचा स्वयंपाक वाटतो. यातलं काही चुकलं असेल तर सांगा.

हे तिन्ही परिणाम आम्ही देऊ. पण ती जाहिरात नमुना म्हणून वापरणार नाही आणि तिची मांडणी उचलणार नाही. त्यांनी तक्रार केली, तर दिवाळीच्या तोंडावर छापलेली पोस्टर्स उतरवावी लागतील आणि आपण पाठवलेला निरोपच त्यांच्या हातचा पुरावा होईल. दुसरं म्हणजे, लोकांनी ती जाहिरात आधी पाहिली आहे. तसंच चित्र दिसलं, की त्यांना आठवण त्यांच्याच मसाल्याची होईल.

दोन पर्याय सुचवतो. पहिला : अंधार आणि लाल रंग ठेवू, पण कढईऐवजी पाट्यावर मसाला, भाजलेलं खोबरं आणि तळलेला कांदा, वरून घेतलेल्या दृश्यात. दुसरा : सकाळचं ऊन, चुलीजवळ लोखंडी कढई, ताटात भाकरी, आणि रस्सा वाढणारा एका वयस्क बाईचा हात. दोन्हींत पाकिटाचा खरा फोटो बसवू. प्रत्येकाचे तीन कच्चे नमुने चार दिवसांत पाठवतो. ठरलेल्या दरात फरक नाही.

एवढंच कळवा : पहिला की दुसरा?’

पत्राची सुरुवात नकारानं नाही, आवडीच्या नोंदीनं होते, कारण ‘अस्संच’ म्हणणाऱ्याला बहुधा ते चित्र नको असतं, त्याचा परिणाम हवा असतो. फक्त तो शब्दांत मांडता येत नाही म्हणून फोटो पाठवला जातो. नकार मात्र एकाच ठिकाणी आणि स्पष्ट आहे. ‘बघू, थोडं बदलून करू’ असं लिहिलं असतं, तर पुढच्या प्रत्येक नमुन्यावर ‘अजून जरा तसं करा’ असा निरोप आला असता आणि पाचव्या फेरीत आम्ही नकलेपाशीच पोचलो असतो. आणि शेवटचा प्रश्न असा आहे, की त्याचं उत्तर एका शब्दात देता येतं.

नमुने तयार झाल्यावर आम्ही एक साधी चाचणी घेतो. पाकीट आणि नाव कागदानं झाकायचं, दुकानात येणाऱ्या आठ-दहा जणांना चित्र दोन सेकंद दाखवायचं आणि विचारायचं, ‘जाहिरात कुणाची?’ प्रतिस्पर्ध्याचं नाव दोघा-तिघांच्याही तोंडून आलं, तर मांडणी अजून त्यांच्या फार जवळ आहे असं समजून पुन्हा कामाला लागायचं. न्यायालयाच्या कसोटीची ही घरगुती आवृत्ती. तिनं खटला टळेलच असं नाही, पण डोळ्यांना सवयीनं न दिसणारं साम्य तिच्यात पकडलं जातं.

शेठचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं : ‘दुसरा. पण कढई कॉम्प्युटरची नको. आईची कढई पाठवतो, तिचाच फोटो काढा.’