आंबा घाटापलीकडची उधारी

मे महिना सरत आला, पावसाची पहिली सर पडली की रत्नागिरीत पेटीच्या आंब्याचा भाव उतरतो आणि उरलेला माल कॅनिंगला जातो. डागाळलेले, लहान आणि जास्त पिकलेले हापूस किलोवर विकले जातात, त्यांचा रस डब्यांत बंद होतो आणि डबे आंबा घाट चढून कोल्हापूरच्या मिठाईवाल्यांकडे पोहोचतात. पैसे मात्र त्याच गाडीने परत येत नाहीत. व्यवहार उधारीचा असतो आणि घोळ होतो तो या उधारीच्या बिलाची नोंद वहीत करताना.

दिवाळीत वहीपूजन झाले की नव्या वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ येतो. त्याच वहीच्या पुढच्या पानांवर मी वर्षानुवर्षे एक चूक पाहत आलो आहे, म्हणून एकच बिल सुरुवातीपासून शेवटपर्यंत उलगडून दाखवतो.

समजा, ६ जूनला एका कारखानदाराने कोल्हापूरच्या दुकानदाराला आंब्याच्या रसाचे २०० डबे २५० रुपये दराने विकले. मुदत ६० दिवसांची. मालाची किंमत ५०,००० रुपये. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, पण डबाबंद रसावर आहे. पूर्वी तो १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. माल महाराष्ट्रातच राहतो, त्यामुळे हा कर निम्मा केंद्राचा आणि निम्मा राज्याचा. बिलाची बेरीज ५२,५०० होते. रोजकीर्दीतली नोंद अशी:

कोल्हापूरच्या गिऱ्हाईकाचे खाते – नावे ५२,५००
विक्री खाते – जमा ५०,०००
देय केंद्रीय जीएसटी खाते – जमा १,२५०
देय राज्य जीएसटी खाते – जमा १,२५०
(२०० डबे उधारीवर विकले, बिलाप्रमाणे)

गिऱ्हाईकाकडून पूर्ण ५२,५०० यायचे आहेत, म्हणून त्याचे खाते तेवढ्याच रकमेने नावे. पण कारखानदाराचे उत्पन्न ५०,०००च आहे. राहिलेले २,५०० त्याने सरकारच्या वतीने मागितले आहेत. ते त्याच्या हाती येतील, पण त्याचे कधीच होणार नाहीत. म्हणून ती रक्कम विक्रीत न जाता देणे म्हणून उभी राहते.

मी म्हणतो ती चूक इथेच होते. गिऱ्हाईक नावे ५२,५००, विक्री जमा ५२,५००, अशी दोन ओळींत नोंद उरकली जाते. वाईट भाग असा की तेरीजपत्रक यानंतरही अगदी बरोबर जुळते, कारण दोन्ही बाजू समान आहेत. पुढे कर भरला की तो ‘कर खर्च’ म्हणून लिहिला जातो आणि वर्षभरात नफाही जवळपास ठीक दिसतो. खरे नुकसान ३१ मार्चला होते. मार्चमधल्या बिलांचा कर एप्रिलमध्ये भरायचा असतो. ताळेबंदात ते देणेच दिसत नाही आणि नफा तेवढ्याने फुगतो. ही चूक पकडायला सोपी युक्ती आहे. वहीतली विक्री आणि जीएसटीआर-१ मध्ये कळवलेली विक्री शेजारी ठेवा. वहीतला आकडा १.०५ ने भागल्यावर विवरणपत्रातला आकडा आला, तर कर विक्रीतच मिसळलेला आहे.

हाच माल बेळगावला गेला असता तर? दुकानदार मराठीच बोलतो, पण वहीला भाषा कळत नाही, राज्य कळते. त्या बिलावर २,५०० रुपयांचा एकच एकात्मिक कर लागतो आणि जमेच्या बाजूला दोनऐवजी एकच कर खाते येते. बिल करण्याआधी गिऱ्हाईकाच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे बघावेत. २७ म्हणजे महाराष्ट्र, २९ म्हणजे कर्नाटक. चुकीच्या खात्यात कर भरला गेला तर योग्य कर पुन्हा भरावा लागतो आणि आधीचा परतावा म्हणून मागावा लागतो. तोपर्यंत पैसा अडकतो.

आता कोल्हापूरच्या बिलाकडे परत येऊ. करासाठी बिलाची तारीख मोजली जाते, पैसे येण्याची नाही. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याला जूनचा कर २० जुलैपर्यंत भरावा लागतो. गिऱ्हाईकाची मुदत संपते ५ ऑगस्टला. म्हणजे सोळा दिवस आधी स्वतःच्या खिशातून. उधारी देताना भाव ठरवणारे बरेच जण ही गोष्ट हिशेबात धरत नाहीत. अर्थात पूर्ण २,५०० रोख जात नाहीत. रिकामे डबे आणि साखर घेताना भरलेला कर वजा होतो. समजा ती वजावट प्रत्येक खात्यात ८०० आहे. मग भरताना दोन्ही देय खाती १,२५० ने नावे होतात, खरेदीवरच्या कराची खाती ८०० ने जमा होतात आणि बँक एकूण ९०० ने जमा होते. देय कराच्या खात्यात जूनची बाकी शून्य व्हायला हवी. झाली नाही, तर बहुधा एखादे बिल नोंदवायचे राहिले आहे.

जुलैच्या मध्यावर कोल्हापूरहून फोन येतो की दहा डबे फुगले आहेत. डब्याचा सांधा नीट बसला नसेल किंवा रस पुरेसा तापवला नसेल, तर आत वायू तयार होतो आणि झाकण वर येते. असा माल परत घ्यावाच लागतो. इथे मूळ बिल खोडायचे नाही, वेगळी क्रेडिट नोट काढायची:

विक्री परत खाते – नावे २,५००
देय केंद्रीय जीएसटी खाते – नावे ६२.५०
देय राज्य जीएसटी खाते – नावे ६२.५०
कोल्हापूरच्या गिऱ्हाईकाचे खाते – जमा २,६२५

क्रेडिट नोट जुलैची आहे, म्हणून हे १२५ रुपये जुलैच्या करातून कमी होतात. गिऱ्हाईकालाही त्याने घेतलेली वजावट तेवढी कमी करावी लागते. नुसती २,५०० ची सूट देऊन कर तसाच ठेवला, तर परत आलेल्या मालावरचा कर कारखानदार भरून बसतो. क्रेडिट नोटने कर कमी करण्याची मुदत फार तर आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत असते. वर्षभर फुगलेले डबे कोपऱ्यात साठवून ठेवणाऱ्याने ही तारीख लक्षात ठेवावी.

५ ऑगस्टला बँकेत ४९,८७५ आले की बँक नावे, गिऱ्हाईक जमा, आणि खतावणीतले ते पान बंद. या नोंदीत विक्रीही नाही आणि करही नाही. दोन्ही ६ जूनलाच लागले. पैसे आल्यावर पुन्हा विक्री लिहिणारे मी पाहिले आहेत. मग उत्पन्न दुप्पट दिसते आणि गिऱ्हाईकाकडे नसलेले येणे वर्षानुवर्षे उभे राहते.

एक फरक सांगायला हवा. हाच कारखानदार वाशीच्या अडत्याकडे ताज्या आंब्याच्या पेट्या पाठवतो, ती विक्री नव्हे. माल अजून त्याचाच असतो. अडत्याची पट्टी आल्यावरच विक्रीची नोंद करायची. तीत कराची ओळ नसते.

आणि कोल्हापूरचे पैसे आलेच नाहीत तर? अखेरीस बुडीत कर्ज खाते नावे आणि गिऱ्हाईक जमा, पूर्ण ४९,८७५ ने. त्यातली ४७,५०० ची मालाची किंमत गेली आणि २,३७५ चा करही गेला, कारण उधारी बुडाली म्हणून सरकार भरलेला जीएसटी परत देत नाही. पण तिथवर येण्याआधी एक धागा हातात असतो. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला त्या बिलावर घेतलेली वजावट व्याजासह परत करावी लागते, आणि पैसे दिल्यावरच ती त्याला पुन्हा मिळते. ६ जूनच्या बिलाचे १८० दिवस ३ डिसेंबरला भरतात. नोव्हेंबरात कोल्हापूरला आठवणीचे पत्र धाडताना ही तारीख त्यात लिहावी.